स्टँडर्ड रूमकडे मदत मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला रोज अशा कुणाकडे तरी जावं लागतं, जो त्याचा साहेबही नसतो आणि हाताखालचाही नसतो. टूलरूम, मेंटेनन्स, स्टोअर, आणि सगळ्यांत जास्त वेळा स्टँडर्ड रूम, म्हणजे क्वालिटीवाल्यांची मापं तपासायची खोली. मी बरीच वर्षं प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम करतोय. डिप्लोमा करून नवीन लागलेली मुलं मला या बाबतीत तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उदाहरणं मुद्दाम एकाच कामाची घेतली आहेत: आपला पार्ट सीएमएमवर, म्हणजे तिथल्या प्रोबने मापं घेणाऱ्या मशीनवर, मधेच मोजून घेणं. हे काम मागणारा प्रॉडक्शनचा, करणारा क्वालिटीचा, आणि दोघांचे साहेब वेगळे.

त्यांच्यावर माझा काहीच अधिकार नाही. मग त्यांनी माझं काम का करावं?

आधी त्यांचा दिवस कसा जातो ते बघून ये. शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक लाइनचा फर्स्ट पीस त्यांच्याकडे येतो. तो पास झाल्याशिवाय मशीन पुढे चालवता येत नाही, म्हणून त्याचा नंबर पहिला. मग नवीन पार्टचे लेआउट असतात, ज्यात ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप घ्यावं लागतं आणि एका पार्टला अख्खा दिवस जाऊ शकतो. त्यातच गेजेसचं कॅलिब्रेशन, कस्टमरची तक्रार, ऑडिटची तयारी. हे सगळं त्यांच्या साहेबाने त्यांच्याकडून मागितलेलं काम आहे. तुझा पार्ट त्या यादीत नाही.

म्हणजे तू त्यांच्याकडे वेळ मागतोयस, आणि तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा आहे. एवढं लक्षात ठेवलं की "ते माझं काम का करत नाहीत" हा प्रश्न उरत नाही. "किती थोड्या वेळात माझं काम होईल असं मी ते आणून देऊ शकतो" हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर तुझ्या हातात असतं. बहुतेक माणसं मदतीला तयार असतात. पाच मिनिटांचं काम असेल तर ती ते दोन कामांच्या मधे बसवतात. अडीच तासांचं काम मात्र मनात असूनही बसवता येत नाही.

जाण्याआधी मी काय करून जायचं?

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी नवीन असताना दुपारी दोन वाजता व्हीएमसी मशीनवरून उतरलेले तीन पार्ट हातात घेऊन स्टँडर्ड रूमच्या मॅडमकडे धावत गेलो होतो. कूलंट टपकत होतं, होलच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धार, तशीच होती, पार्टवर नंबर नव्हते. "मॅडम, जरा लगेच बघून द्या ना, अर्जंट आहे." त्या म्हणाल्या, "ठेवा, बघते." पाच वाजता गेलो तर पार्ट जिथे ठेवले तिथेच. मला राग आला. त्या मुद्दाम करतायत असं मी लाइनवर चार जणांना सांगितलंही. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या पार्टना हात लावायचा तर त्यांना आधी काय काय करावं लागलं असतं ते मला नंतर कळलं. पार्ट धुवायचा, बर काढायची, गार होईपर्यंत थांबायचं, ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन ते शोधायचं, आणि मला नेमकं कुठलं माप हवंय ते विचारायला मला लाइनवर शोधत यायचं. हे सगळं माझं काम होतं. ते मी त्यांच्या टेबलावर टाकून निघून आलो होतो.

तेव्हापासून मी असं करतो. पार्ट धुऊन, हवा मारून, बर काढून नेतो, कारण प्रोबचं टोक बरवर टेकलं तर माप चुकीचं येतं आणि पुन्हा सगळं करावं लागतं. प्रत्येक पार्टवर मार्करने नंबर घालतो आणि तो कुठल्या मशीनवर, पार्ट पकडणाऱ्या फिक्स्चरच्या कुठल्या स्टेशनवर झाला ते लिहितो. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन एका कागदावर. हवी असलेली मापं त्याच कागदावर, ड्रॉइंगच्या प्रिंटवर पेनने गोल करून. सीएमएमचा पूर्ण प्रोग्राम पन्नास-साठ मापं घेतो, आपल्याला बहुतेक वेळा दोन-तीनच हवी असतात. तेवढीच सांगितली तर प्रोग्रामचा तो भाग चालवता येतो.

आणि आपल्याकडे जे मोजता येतं ते आधी मोजून जातो. बोअर गेज, पिन गेज, हाइट गेज आपल्या लाइनवर आहेत. "डायमीटर मी पिन गेजने बघितला, बरोबर आहे, फक्त होलची जागा मला कळत नाही" असं म्हटलं की समोरच्याला दिसतं की हा माणूस हात हलवून आलाय आणि खरंच अडलाय.

"अर्जंट" म्हटल्याशिवाय कुणी हातच लावत नाही. मग का म्हणू नये?

कारण तिथे येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, त्यामुळे त्या शब्दातून त्यांना काहीच कळत नाही. त्याऐवजी घड्याळ आणि कारण सांग. "सहाला गाडी आहे. पाचपर्यंत माप मिळालं तर कुठले पार्ट चढवायचे ते ठरवता येईल."

त्यापुढचं वाक्य बरेच जण गिळतात, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं: नाही मिळालं तर काय होईल. "नाही मिळालं तर निम्मेच पाठवू, बाकीचे उद्या." हे सांगायला भीती वाटते, कारण मग ते आपलं काम मागे टाकतील असं वाटतं. कधी कधी टाकतातही, आणि त्या दिवशी तेच योग्य असतं. पण तू खरं सांगतोस हे एकदा कळलं की ज्या दिवशी तू म्हणशील "आज लाइनच उभी आहे", त्या दिवशी ते हातातलं काम ठेवून तुझ्याकडे बघतील. हा विश्वास तयार व्हायला मला सहा महिने लागले. खोटी घाई एकदा जरी केली तरी तो जातो, कारण गाडी सहाला गेली की नाही हे त्यांना गेटवरून कळतंच.

ते म्हणतात, "पार्ट दोन तास राहू दे." हे टाळणं आहे का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून आकड्यांत सांगतो.

मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. ड्रॉइंगवर वेगळं काही लिहिलं नसेल तर तेच गृहीत धरायचं. स्टँडर्ड रूमचा एसी म्हणूनच त्या तापमानाला लावलेला असतो. आता ॲल्युमिनियमचा 62 मिलिमीटरचा बेअरिंग बोअर घे, टॉलरन्स H7, म्हणजे 62.000 ते 62.030. मशीनवरून उतरलेला पार्ट 35 अंशांवर आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. 62 मिलिमीटर आणि 15 अंशांचा हिशेब केला तर वाढ येते सुमारे 21 मायक्रॉन. आपला पूर्ण टॉलरन्सच 30 मायक्रॉनचा आहे. गरम असताना जो बोअर 62.020 दाखवेल, म्हणजे छान आत बसलेला वाटेल, तोच गार झाल्यावर 61.999 होईल. रिजेक्ट. (गरम झाल्यावर होल आकसतं असं काही जणांना वाटतं. तसं नाही, पार्टबरोबर होलही मोठंच होतं.)

काही मशीनवर तापमानाची भरपाई करायची सोय असते, पण पार्ट एकसारख्या तापमानाचा असेल तरच तिचा उपयोग होतो. नुकताच उतरलेला पार्ट एकीकडे गरम आणि दुसरीकडे गार असतो.

म्हणून "दोन तास राहू दे" ही त्यांची कामाची अट आहे. आमच्याकडे मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या पार्टला दोन तास पुरतात, स्टीलचा जड ठोकळा आदल्या रात्रीच नेऊन ठेवावा लागतो. तुला घाई असेल तर ते दोन तास तू आधीच सुरू कर: सकाळीच पार्ट धुऊन तिथल्या लोखंडी टेबलावर ठेवून ये. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये किंवा फोमवर ठेवलास तर गार व्हायला जास्त वेळ लागतो.

एकूणच, दुसऱ्या विभागातल्या माणसाने आपल्याला न पटणारी अट घातली तर रागावण्याआधी "असं का?" हे खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचार. मला हा हिशेब त्या मॅडमनीच एका कागदाच्या मागच्या बाजूला करून दाखवला होता.

फोन करू, व्हॉट्सॲप करू की जाऊन भेटू?

पहिल्यांदा जाऊन भेट. पण प्रोब चालू असताना मागून आवाज देऊ नकोस, काचेबाहेर थांब, त्या बघतील. ओळख झाल्यावर रोजच्या कामाला व्हॉट्सॲप चालतं, कारण त्यांना सवडीने वाचता येतं. फोन फक्त लाइन उभी असेल तेव्हा.

आणि सगळ्यांच्या ग्रुपवर पहिली विनंती टाकू नकोस. तिथे दोघांचेही साहेब असतात. "क्वालिटीकडून रिपोर्ट पेंडिंग" असं ग्रुपवर वाचल्यावर समोरच्या माणसाला ती विनंती वाटत नाही, आपली तक्रार केल्यासारखं वाटतं. तसंच मेलचं. पहिल्याच मेलमध्ये त्यांच्या मॅनेजरला कॉपीत घालणं म्हणजे तोंडावर सांगणं की मला तुमच्यावर भरवसा नाही.

नेमकं बोलायचं कसं?

माझा एक खरा मेसेज देतो, थोडाफार असाच होता:

"मॅडम, नमस्कार. हाउसिंगचे सहा पार्ट धुऊन नंबर घालून तुमच्या टेबलावर ठेवले आहेत, सव्वानऊपासून. ड्रॉइंगची प्रिंट सोबत आहे. फक्त दोन डॉवेल होलची पोझिशन हवी आहे, बाकी काही नको. फिक्स्चरचं बी स्टेशन सरकलंय का ते बघायचंय. सहाला गाडी आहे, पाचपर्यंत मिळालं तर चालेल. आज जमणार नसेल तरी सांगा, मी निम्मेच पाठवतो."

यात एक गोष्ट बघ. मी फक्त आकडा मागितला नाही, आकडा कशासाठी हवाय ते सांगितलं. याचा फायदा पुढच्या उत्तरात दिसेल. आणि शेवटचं वाक्य मनापासून लिहायचं. "नाही" म्हणायला जागा ठेवली नाही तर समोरचा "बघते" म्हणतो, आणि "बघते"वर आपण दिवसभर ताटकळत बसतो. स्पष्ट "नाही" सकाळी साडेनऊला मिळालं तर दुसरा मार्ग काढायला वेळ असतो.

एखादं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

वरच्या मेसेजचंच सांगतो.

डायकास्ट ॲल्युमिनियमचं हाउसिंग. पहिल्या सेटिंगला बेअरिंगचा बोअर होतो. दुसऱ्या सेटिंगला पार्ट त्याच बोअरने लोकेटिंग पिनवर बसतो आणि दोन डॉवेल होल पडतात. फिक्स्चरला दोन स्टेशन आहेत, ए आणि बी. मशीनवर एचा ऑफसेट, म्हणजे जिथून मापं धरायची तो शून्याचा बिंदू, `G54`, बीचा `G55`. होलची पोझिशन बोअरच्या संदर्भात 0.1 मिलिमीटरच्या आत हवी.

सकाळी कस्टमरकडून फोन आला की काही पार्टमध्ये डॉवेल बसताना जोडीचा पार्ट अडतोय. आमच्याकडे 380 पार्ट तयार होते आणि संध्याकाळी गाडी. प्रत्येक पार्टवर स्टेशनचा पंच पडतो, त्यामुळे एचे आणि बीचे वेगळे करता आले, दोन्हीकडे 190. पिन गेजने होलचा डाय बघितला, दोन्हीकडे बरोबर. म्हणजे डाय नाही, जागा चुकतेय. जागा मात्र आपल्या लाइनवर एवढ्या बारकाईने मोजता येत नाही. इथे मला मदत लागणार होती.

दोन्ही स्टेशनचे तीन-तीन पार्ट काढले, तयार केले, नेऊन ठेवले आणि मेसेज केला. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. दोन फर्स्ट पीस आणि एक लेआउट हातात होता. पूर्ण प्रोग्रामला पार्टमागे 25 मिनिटं लागतात, म्हणजे सहा पार्टला अडीच तास. तेवढी जागा त्यांच्याकडे नव्हती. पण नुसता बोअर, फेस आणि दोन होल घ्यायचे तर पार्टमागे पाच मिनिटं, म्हणजे अर्धा तास. "एक वाजता लेआउटचा पार्ट उलटा लावायचाय, त्याच्या आधी तुमचे घेते," त्या म्हणाल्या.

दीडला मी गेलो. एचे पार्ट ठीक होते. बीच्या तिन्ही पार्टमध्ये दोन्ही होल एक्स दिशेला 0.07 ने वजा बाजूला सरकले होते, वायला काही नाही. आकडा ऐकून मी म्हणालो, "0.07 म्हणजे 0.1 च्या आतच की." त्यांनी मान हलवली. पोझिशनचा टॉलरन्स हा वर्तुळाचा व्यास असतो, म्हणून सरकलेलं अंतर दुप्पट करून बघायचं. 0.07 चे झाले 0.14. पार्ट बाहेर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मागितलेलंही नव्हतं. "दोन्ही होल एकाच बाजूला सारखेच सरकलेत, म्हणजे आपसातलं अंतर बरोबर आहे आणि पार्ट फिरलेलाही नाही. तिन्ही पार्टमध्ये आकडा जवळपास तोच आहे. चिप अडकली असती तर प्रत्येक पार्टला वेगळा आला असता. बी स्टेशनला कुणी हात लावलाय का बघा." मी नुसता आकडा मागितला असता तर नुसता आकडाच मिळाला असता. काय शोधतोय ते सांगितल्यामुळे त्यांनी त्या नजरेने रिपोर्ट वाचला.

मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये सापडलं: शनिवारी बी स्टेशनची झिजलेली लोकेटिंग पिन बदलली होती आणि त्यानंतर ऑफसेट पुन्हा घेतला नव्हता. पिन नीट बसली आहे ना ते डायल लावून बघितलं, मग `G55` चा एक्स 0.07 ने अधिक बाजूला नेला, एक पार्ट काढला, धुऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला गेला, कारण त्यालाही गार व्हायला वेळ हवा होता. तोपर्यंत बी स्टेशन बंद ठेवलं. बीच्या 190 पार्टना लाल टॅग लावून होल्डवर टाकलं. एचे सोडायचे की नाही हा निर्णय क्वालिटीचा होता, त्यांनी रिपोर्ट बघून सोडले, आणि सहाच्या गाडीत 190 पार्ट गेले.

ते सरळ "नाही" म्हणाले तर?

मान्य कर, आणि एकच प्रश्न विचार: "कधी जमू शकेल, किंवा दुसरं कोण करू शकेल?" बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. "सेकंड शिफ्टच्या मुलाला सांग, त्याला हा प्रोग्राम येतो." किंवा "मशीन रिकामं नाही, पण हाइट गेजने सरफेस प्लेटवर मी तुला अंदाज काढून देते."

कधी कधी "नाही"चं कारण वेगळंच असतं. त्या पार्टचा प्रोग्रामच नसतो, आणि नवीन करायला अर्धा दिवस जातो. किंवा त्यांना भीती असते की त्यांच्या सहीच्या आकड्यावर तू पार्ट सोडून देशील आणि उद्या जबाबदारी त्यांच्यावर येईल. ही भीती योग्य आहे. "हे फक्त मशीन सेट करण्यासाठी आहे, पार्ट सोडायला मी रीतसर पाठवीन" असं सांगितलं की पुष्कळदा अडलेलं काम सुटतं. अर्थात सांगितलं तर तसंच वागायचं.

मग साहेबांकडे कधी जायचं?

दोन वेळा. एक, जेव्हा तुझं आणि त्यांचं दुसरं काम यांच्यात निवड करायची वेळ येते आणि ती निवड तुम्हा दोघांच्याही हातात नसते. समोर दुसऱ्या लाइनचा फर्स्ट पीस आहे, तुझीही लाइन उभी आहे, कुणाचं आधी? हे दोन्ही मॅनेजरनी ठरवायचं. दुसरी वेळ, जेव्हा हीच मदत दर आठवड्याला लागायला लागते. मग ते नेहमीचं काम झालं, त्याला माणूस आणि मशीनचा वेळ अधिकृतपणे लावून घ्यायला हवा.

पण जाण्याआधी त्यांना सांगून जा. "मॅडम, तुमच्यावर काही नाही, दोन्ही कामं महत्त्वाची आहेत, मी दोन्ही सरांना एकत्र विचारतो. तुम्हीही येता का?" तिथे बोलतानाही "त्या करत नाहीत" असं म्हणू नकोस. "त्यांच्याकडे आज तीन कामं आहेत आणि मशीन एक आहे" असं सांग. खरं तेच आहे. न सांगता वर गेलास तर त्या दिवशीचं काम होईल, पण पुढे वर्षभर प्रत्येक पार्टला रीतसर फॉर्म भरून रांगेत उभा राहशील.

मी ट्रेनी आहे आणि ते वीस वर्षं तिथे आहेत. हाक कशी मारू?

तिथले लोक मारतात तशी. आमच्याकडे जुन्या इन्स्पेक्टरना सगळे काका म्हणतात, मॅडमना मॅडम. पहिल्या दिवशी "सर" म्हण, ते स्वतःच सांगतील. आणि येत नसलेली गोष्ट येते असं दाखवू नकोस. "काका, डेटम कसा लावायचा ते मला नीट कळलेलं नाही, एकदा तुम्ही लावताना बघू का?" असं विचारलेलं कुणाला आवडलं नाही असं मी तरी पाहिलं नाही. एकदा बघितलंस की पुढच्या वेळी पार्ट कसा ठेवायचा ते तुला कळेल, आणि त्यांची दहा मिनिटं वाचतील.

"रजिस्टरला नको टाकू, असंच बघून देतो" असं म्हणाले तर?

एखाद्या वेळी सेटिंगपुरतं ठीक आहे. सवय लावू नकोस. नोंद नसलेलं काम त्यांच्या साहेबाला दिसत नाही. महिन्याअखेर त्यांचे लेआउट मागे पडलेले दिसतात आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. तू मात्र त्यांच्या वेळेवर आपलं रिजेक्शन कमी करून दाखवलेलं असतंस. हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून मी स्वतःच रजिस्टरमध्ये ओळ लिहितो: तारीख, पार्ट, किती नग, किती वेळ लागला. आमच्या स्टँडर्ड रूमला पुढे एक जादा माणूस मिळाला, तेव्हा मागणीसोबत त्याच रजिस्टरची पानं जोडली होती.

काम झाल्यावर काय?

पार्ट उचलून आण. हे सगळ्यांत जास्त राहून जातं, आणि त्यांच्या टेबलावर दहा जणांचे बेवारस पार्ट साठतात. मग निकाल कळव. पिन बदलल्याचं सापडलं हे मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. त्यांचा अंदाज बरोबर निघाला हे त्यांना कळायलाच हवं होतं. आणि मीटिंगमध्ये ते सांगताना "आम्ही शोधलं" असं न म्हणता "बी स्टेशनचा दोष आहे हे स्टँडर्ड रूममधून कळलं" असं म्हण, त्यांचा साहेब समोर असताना.

माप हवं तसं आलं नाही. "पुन्हा एकदा बघा ना, बसतंय का" असं म्हणू का?

शंकेला खरं कारण असेल तर पुन्हा मोजायला सांगणं योग्य आहे. बर राहिली असेल, पार्ट गरम असेल, तुझ्या बोअर गेजचा आणि त्यांच्या आकड्याचा मेळ बसत नसेल, तर तसं कारण सांगून विनंती कर. बोअर गेज ज्या सेटिंग रिंगवर लावलास ती सोबत ने. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले की चूक कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं. निम्म्या वेळा ती आपल्याच गेजमध्ये निघते.

पण आकडा गैरसोयीचा आहे एवढ्यासाठी "जरा बघा ना" म्हणू नकोस. ती मदत मागणं नाही. ओळखीचा फायदा घेऊन त्यांना त्यांच्या सहीशी खोटं वागायला सांगणं आहे. गाडी दारात उभी असते, साहेबांचे फोन येत असतात, आणि समोरचा माणूस आपल्यासाठी रोज वेळ काढत असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जड जातं. तेव्हा तो प्रश्न आपण तोंडातूनच काढायचा नाही. 61.999 आलं तर लाल टॅग घेऊन जा, स्वतःच्या हाताने लाव, आणि बोअरचा टूल बघायला मशीनवर परत ये.